नुसताच गाण्याच्या पानाचा फोटो आला, तर नेमकं काय मागितलंय?

फोटो उघडला की पाच रेघा, त्यांवर सूर, खाली तुकड्यातुकड्यांनी छापलेले परक्या भाषेतले शब्द. सोबत एक ओळही नाही. तुम्हाला स्टाफ नोटेशन थोडंफार वाचता येतं हे चार जणांना कळलं, की असे फोटो येऊ लागतात. पाठवणाऱ्याच्या मनात प्रश्न अगदी स्पष्ट असतो, म्हणून तर त्याला तो लिहायची गरज वाटत नाही. आपल्याला मात्र एकाच पानात तीन निरनिराळी कामं दिसतात. सूर वाचून द्यायचे, पट्टी बदलून द्यायची, की शब्दांचा अर्थ सांगायचा?

सुरुवातीच्या काळात एका गायिकेने मला असंच एक पान पाठवलं. शब्द जर्मन होते आणि सर्वांत वरच्या सुराभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता. माझी समजूत झाली की हा सूर तिला झेपत नाहीये, पट्टी खाली हवी. सगळी संध्याकाळ बसून मी अख्खं पान दोन अर्धस्वर खाली उतरवून लिहून काढलं. त्यावर तिचं उत्तर आलं, “अहो ताई, त्या सुराच्या डोक्यावर कमान आणि टिंब आहे ना, ते कशासाठी असतं, एवढंच विचारायचं होतं.” त्या चिन्हाला फर्माटा म्हणतात. तो सूर लिहिलेल्या मात्रांपेक्षा जास्त धरायचा, किती ते गाणाऱ्याने किंवा समोरच्या संचालकाने ठरवायचं. एका वाक्याचं उत्तर होतं.

त्याच पानावर आपण तिन्ही कामं करून बघू. तिला पुढे खरोखरच तिन्ही लागली.

आधी फोटोत काय नाही ते बघा

तिने दुसरं पान पाठवलं होतं. हे फार वेळा होतं, कारण अडचण बहुधा गाण्याच्या मध्यावर येते आणि माणूस अडलेल्या पानाचाच फोटो काढतो. पहिल्या पानावर मात्र अशा काही गोष्टी असतात ज्या पुढे पुन्हा छापत नाहीत. वाद्याचं किंवा आवाजाचं नाव, लय आणि टाइम सिग्नेचर म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या एका खणात किती मात्रा हे सांगणारे आकडे, या त्या गोष्टी. क्लेफ म्हणजे ओळीच्या सुरुवातीचं मोठं चिन्ह आणि की सिग्नेचर म्हणजे त्यापुढचे पट्टी सांगणारे फ्लॅट-शार्प, यांचं तसं नाही. छापील पानात ती प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला परत येतात. म्हणून दुसऱ्या पानावरूनही पट्टी कळते, ताल मात्र मोजून काढावा लागतो.

मोजायचं कसं? मधले दोन-तीन पूर्ण खण घ्या आणि सुरांची लांबी जोडा. तिच्या पानावर एका खणात तीन क्वार्टर नोट होत्या आणि पुढच्यात एक हाफ नोट व एक क्वार्टर. दोन्हींची बेरीज तीन क्वार्टर, म्हणजे ३/४. आठव्या हिश्शाचे सूर दिसले तर एक फसगत होऊ शकते. सहा आठवे हिस्से ३/४ मध्येही बसतात आणि ६/८ मध्येही. तेव्हा त्यांना जोडणारी आडवी दांडी बघायची. दोन-दोनच्या जोड्या असतील तर बहुतेक ३/४, तीन-तीनचे गट असतील तर ६/८. मात्र गायकाच्या जुन्या छापील ओळीत पुष्कळदा प्रत्येक शब्दखंडाचा सूर सुटा छापतात. तिथे खालच्या पियानोच्या ओळीतल्या दांड्या बघा.

पट्टीचंही असंच. तिच्या पानावर एकच फ्लॅट होता, बीवर. एक फ्लॅट म्हणजे एफ मेजर किंवा डी मायनर. शेवटचं पान हाताशी असेल तर पियानोच्या सर्वांत खालच्या ओळीतला शेवटचा सूर बघितला की निकाल लागतो. ते नसेल तर सीच्या आधी पुन्हा पुन्हा शार्प येतो का बघा. येत असेल तर डी मायनरची शक्यता जास्त. इथे तसं काही नव्हतं आणि पान एफवर संपत होतं. म्हणजे एफ मेजर, हार्मोनियमच्या भाषेत पांढरी चार.

फोटोची डावी कड कापलेली असेल तर मात्र यातलं काहीही करू नका. क्लेफ आणि फ्लॅट-शार्प तिथेच असतात, आणि त्यांच्याविना वाचलेला प्रत्येक सूर हा अंदाज असतो. पान सपाट ठेवून, चारही कडा दिसतील असा दुसरा फोटो मागवा. अंधुक फोटोत सर्वांत आधी टिंबं गायब होतात. सुराच्या उजवीकडचं टिंब त्याची लांबी दीडपट करतं, डोक्यावरचं किंवा पायाखालचं टिंब तो सूर तोडून घ्यायला सांगतं. ही दोन टिंबं एकमेकांच्या जागी वाचली गेली की ताल फिसकटतो. एखाद्या खणातल्या मात्रा जमेनाशा झाल्या तर पहिला संशय हरवलेल्या टिंबावर घ्या.

मग पेन्सिल बघा

छापील मजकूर सगळ्यांसाठी सारखाच असतो. या माणसाला काय हवंय ते त्याच्या पेन्सिलीत असतं. सुरांखाली सी, डी, एफ अशी अक्षरं किंवा सा, रे, ग लिहायला सुरुवात केलीय आणि तिसऱ्या खणापाशी ती थांबलीत, तर वाचन अडलंय. वर कोपऱ्यात एखाद्या पट्टीचं नाव, बाण किंवा उणे दोनसारखा आकडा असेल तर पट्टी बदलायचा विचार चाललाय. शब्दांखाली रेघ, कडेला एखाद-दुसरा अर्थ लिहिलेला, तर भाषेचा प्रश्न आहे. शब्दांच्या वर उच्चार लिहायचा प्रयत्न दिसला तर तो चौथाच प्रकार, त्याकडे नंतर येऊ.

नुसता गोल मात्र काहीच सांगत नाही, हे मला त्या संध्याकाळने शिकवलं. गोल म्हणजे “इथे अडलंय” इतकंच. उंच सूर, त्यावरचं चिन्ह आणि त्याखालचा शब्द, तिन्ही एकाच गोलात येतात.

सूर नाहीत, नुसते शब्द आणि त्यांवर कॉर्डची अक्षरं, असं पान आलं तर दोन खुणा शोधा. एक म्हणजे कॅपोचा, गिटारच्या मानेवर लावायच्या चिमट्याचा, उल्लेख. कॅपो दोन असं लिहिलं असेल आणि कॉर्ड जी पट्टीचे असतील, तर प्रत्यक्ष ऐकू येते ती ए पट्टी. त्या पानाची पट्टी बदलून देताना लिहिलेल्या जी-पासून मोजायचं की ऐकू येणाऱ्या ए-पासून, हे विचारल्याशिवाय कळत नाही. दुसरी खूण एच हे अक्षर. जर्मन परंपरेत आपल्या ओळखीच्या बीला एच म्हणतात आणि नुसतं बी म्हणजे बी फ्लॅट. हे ध्यानात आलं नाही तर प्रत्येक बी अर्धा सूर चुकतो. कॉर्डच्या जागी दो, रे, सोल दिसले तर ते आपल्या सरगमसारखे सरकते समजू नका. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश पानांवर दो म्हणजे कायम सी, गाणं कुठल्याही पट्टीत असो.

उत्तरात प्रश्न विचारा, पण रिकाम्या हाताने नको

“काय हवंय?” एवढंच लिहून पाठवलं की समोरचा ओशाळतो आणि “असू दे, राहू दे” म्हणतो. तिन्ही कामांना जे लागतंच ते आधी द्या आणि मग विचारा. आता अशा पानावर मी साधारण असं लिहिते: “हे दुसरं पान दिसतंय. एफ मेजर म्हणजे पांढरी चार, तीन मात्रांचा ताल, शब्द जर्मन. गोल केलेला सूर वरचा एफ आहे आणि त्यावरची कमान तो जास्त धरायला सांगते. तुम्हाला सूर वाचून हवेत, पट्टी बदलून हवी, की शब्द समजून घ्यायचेत? आणि गाणार कोण, साथीला काय आहे?”

शेवटचा प्रश्न पट्टीसाठी कळीचा आहे. फोटो पाठवणारा क्लॅरिनेट वाजवणारा असेल तर त्याचा नेहमीचा बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिलेल्या सुरापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो. पियानोच्या पानावरून त्याला बरोबरीने वाजवायचं, तर त्याची प्रत एक स्वर वर, एफऐवजी जी मेजरमध्ये लिहावी लागते. गाणाऱ्याला यातलं काही लागत नाही. पुरुष गायक असेल तर क्लेफच्या पायाशी बारीक आठाचा आकडा आहे का बघा. तो असला की लिहिलंय त्याच्या एक सप्तक खाली गायचं.

सूर वाचून द्यायचे असतील तर

हे काम सर्वांत सोपं. मी सगळं पान वाचून देत नाही. अडलेली ओळ देते आणि सी, डी, ई सोबत सरगमही लिहिते. गोल असलेली तिची ओळ अशी होती. एक उठावाचा सूर, मग तीन सुरांचा खण, मग फर्माटा असलेला लांब सूर आणि एक छोटा.

सी | बी नॅचरल, सी, डी | एफ, सी

एफला सा धरलं तर हे होतं प | तीव्र म, प, ध | वरचा सा, प. बी नॅचरलकडे लक्ष द्या. की सिग्नेचरमध्ये बी फ्लॅट आहे, म्हणजे शुद्ध मध्यम. इथे सुराआधी नॅचरलचं चिन्ह आलं आणि तो तीव्र झाला. असं मध्येच आलेलं चिन्ह त्या खणाच्या उभ्या रेघेपर्यंतच टिकतं. पुढच्या खणात बी पुन्हा फ्लॅट.

पट्टी बदलून द्यायची असेल तर

काही दिवसांनी ती परत आली. वरचा एफ धरून ठेवताना गळा ताणला जात होता, डीपर्यंत आरामात जमत होतं. इथे पहिला प्रश्न कागदाचा नाही, साथीचा. साथीला डिजिटल कीबोर्ड असेल तर त्यावर ट्रान्सपोजचं बटण असतं. ते उणे तीनवर ठेवलं की वाजवणारा जुन्याच पानावरून वाजवतो आणि आवाज तीन अर्धस्वर खाली येतो. साधा पियानो असेल तर गायकाची ओळ उतरवून भागत नाही, पियानोच्या दोन्ही ओळी उतरवाव्या लागतात. ते काम तिप्पट. हे आधी विचारलं तर पुष्कळदा लिहायची वेळच येत नाही.

लिहायचंच असेल तर आधी दोन टोकं तपासा. तिच्या गाण्यातला सर्वांत वरचा सूर एफ, तो डीवर आला. सर्वांत खालचा मधला सी होता, तो त्याच्याही खालच्या एवर गेला, म्हणजे पाच रेघांखाली दुसऱ्या जादा रेघेवर. तो ए तिला ऐकू येईल इतपत निघतो का, हे तिच्याकडून गाऊन घेतल्यावरच मी पेन उचललं. वरचं टोक सोडवताना खालचं टोक हरवणं ही या कामातली नेहमीची चूक.

पट्टी एफवरून डीवर आली, म्हणजे पांढरी चारवरून पांढरी दोनवर. पांढरी तीन, काळी दोन, पांढरी दोन असे तीन अर्धस्वर. एफ मेजरचा एक फ्लॅट जाऊन डी मेजरचे दोन शार्प आले, एफ आणि सीवर. त्यानंतर प्रत्येक सूर स्टाफवर दोन पायऱ्या खाली सरकवायचा. एका पायरीवर रेघ, दुसरीवर फट, असं मोजायचं. रेघेवरचा सूर रेघेवरच येतो, फटीतला फटीतच. इथपर्यंत डोकं न चालवताही जमतं.

चूक होते ती मध्येच येणाऱ्या चिन्हांपाशी. बी नॅचरल दोन पायऱ्या खाली सरकवला आणि चिन्ह तसंच उतरवलं तर जी नॅचरल होतो. पण डी मेजरमध्ये जी हा साधा शुद्ध मध्यम. आपल्याला हवा तीव्र, म्हणजे जी शार्प. मूळ पानावरचं नॅचरल नव्या पानावर शार्प झालं पाहिजे. असंच उलट टोकाला: एफ मेजरमध्ये ईला फ्लॅट लावून आलेला कोमल निषाद डी मेजरमध्ये सी नॅचरल होतो, कारण तिथे सी मुळातच शार्प आहे. फ्लॅटचं नॅचरल झालं. नियम पाठ करण्यापेक्षा सरगमने पडताळा घ्या. पट्टी बदलली तरी सरगम बदलत नाही. मूळ ओळ प | तीव्र म, प, ध | सा, प होती. नवी ओळ अशी झाली:

ए | जी शार्प, ए, बी | डी, ए

डीला सा धरून वाचली तर पुन्हा प | तीव्र म, प, ध | सा, प. जुळलं. जिथे सरगम जुळत नाही तिथे चिन्ह चुकलंय. गाताना अशी चूक एकाच जागी टोचते. बाकी सगळी चाल ओळखीची आणि एकच सूर भलतीकडे वळलेला. सगळीच ओळ परकी वाटली तर मात्र चूक चिन्हात नाही, पायऱ्या मोजण्यात आहे.

शब्द समजून घ्यायचे असतील तर

फर्माटाखालचा शब्द काय आहे, हे विचारत ती तिसऱ्यांदा आली. सुरांखाली छापलेले शब्द वाचताना आधी ते जोडायचे. एकेका सुराखाली एकेक शब्दखंड येतो आणि मध्ये छोटी रेघ असते. ती रेघ शब्द संपल्याची नाही, तो पुढे चालू असल्याची. तिच्या ओळीत होतं: देअर | फ्र्यू-लिंग कॉम्ट | वी-डर. नवशिका शब्दकोशात “फ्र्यू” शोधतो आणि त्याला मिळतं “लवकर”. “वी” शोधतो, मिळतं “कसं”. जोडून वाचलं तर फ्र्यूलिंग म्हणजे वसंत आणि वीडर म्हणजे पुन्हा. ओळ इतकी साधी आहे: वसंत पुन्हा येतो. शब्दाच्या शेवटी खाली लांब सरळ रेघ ओढलेली असेल तर तिचा अर्थ शेवटचा खंड पुढच्या सुरांवर तसाच लांबवायचा.

कडवी वाचतानाही घोळ होतो. एकाच चालीखाली एक, दोन, तीन असे आकडे घालून कडवी एकाखाली एक छापतात. वरून खाली वाचलं तर तीन कडव्यांचे तुकडे मिसळतात. एक नंबरची ओळ पानाच्या शेवटपर्यंत वाचायची, मग वर येऊन दोन नंबरची. चालीसाठी दोनदा-तीनदा घेतलेले शब्द एका कागदावर एकदाच लिहून काढले की मूळ कविता समोर उभी राहते. अर्थ त्या कवितेचा लावायचा.

अर्थ म्हणजे नक्की काय हवं, हेही विचारावं लागतं. बहुतेक गाणाऱ्यांना शब्दाखाली शब्द असा अर्थ लागतो, कुठल्या सुरावर काय म्हणतोय हे कळण्यासाठी. त्यात वाक्य ओबडधोबड झालं तरी चालतं. काहींना मुळात उच्चारच हवा असतो आणि त्याला ते भाषांतर म्हणतात. तो देवनागरीत सुरांखाली लिहून द्यायचा. आणि फार थोड्यांना त्याच चालीवर मराठीतून गायचं असतं. ते मात्र वेगळंच काम आहे.

तिला तेच करून बघायचं होतं. अक्षरं मोजली तर “वसंत पुन्हा येतो” नेमकं बसतं: व | संत पु-न्हा | ये-तो. मूळ ओळीत सहा खंड, इथेही सहा. ठोक्यावर “संत” हे जड अक्षर येतं, तेही चांगलं. पण फर्माटा आहे “वी”वर, म्हणजे “पुन्हा” या अर्थाच्या शब्दावर. मूळ गाणं “पुन्हा”पाशी थांबतं, आपलं “ये”पाशी. मग “वसंत आला पुन्हा” करून बघितलं: व | संत आ-ला | पु-न्हा. अर्थ जागेवर आला, पण लांबलचक सुरावर “पु” आला, ऱ्हस्व. तो ओढला की “पू” होतो आणि कानाला खुपतो. “फिरून आला वसंत” केलं तर “व”वर थांबावं लागतं, तोही ऱ्हस्व.

तिन्ही ओळी मी तिला पाठवल्या आणि प्रत्येकीत कशाला मुकावं लागतं ते लिहिलं. तिने पहिली निवडली. “ये” दीर्घ आहे, त्यावर हवं तितकं थांबता येतं, आणि काहीतरी परत येतंय हे त्या थांबण्यातच ऐकू येतं, असं तिचं म्हणणं पडलं. डी मेजरच्या प्रतीत गायकाच्या ओळीखाली मी जर्मन शब्द तसेच ठेवले आणि त्यांच्याखाली मराठी ओळ लिहिली. फर्माटाचं चिन्ह नव्या प्रतीत उतरवायचं राहून गेलं होतं, ते पाठवण्याआधी मूळ फोटो शेजारी ठेवून खणाखणाने ताडून बघताना सापडलं.